वस्तूची व्याप्ती व कार्याची व्याप्ती : स्वाध्यायासाठी व्याप्तिपत्र कसे लिहावे

प्रशिक्षणवर्गात किंवा पदविकेच्या अभ्यासक्रमात शिक्षकांना पुढील प्रकारचा स्वाध्याय दिला जातो : ‘आपल्या शाळेसाठी एखादा प्रकल्प निवडा व त्याचे व्याप्तिपत्र लिहा. त्यात वगळलेल्या बाबी, बंधने व गृहीते यांचा समावेश असावा.’ हा स्वाध्याय वाचताना सोपा वाटतो. परंतु उत्तरपत्रिका तपासताना असे दिसते की, बहुतेक उत्तरे एकाच ठिकाणी अडखळतात. लेखक जी वस्तू उभी करावयाची तिचे वर्णन करतो आणि तेच कामाचे वर्णन आहे असे समजून थांबतो. हा भेद नेमका कोणता आणि तो कागदावर कसा उतरवावा, हे पुढे एका उदाहरणाच्या आधाराने दाखविले आहे.

१. उदाहरण

पहिली ते पाचवीची एक शाळा घ्यावी. पटसंख्या ९६. दुपारच्या आहारापूर्वी मुलांना हात धुण्यासाठी एकच नळ आहे. रांग लांबते, घंटा होते आणि मागची मुले हात तसेच घेऊन पंगतीला बसतात. म्हणून शाळेने हात धुण्याचे ठिकाण बांधण्याचा प्रकल्प निवडला. एका शिक्षकाने स्वाध्यायाच्या पहिल्या मसुद्यात पुढीलप्रमाणे लिहिले :

‘शाळेच्या आवारात हात धुण्याचा सिमेंटचा ओटा बांधणे. त्यास आठ नळ असावेत. वर ५०० लिटरची टाकी असावी. सांडपाण्यासाठी शोषखड्डा असावा. साबण ठेवण्याची सोय असावी.’

यातील एकही वाक्य चुकीचे नाही. तरीही हा मसुदा अपुरा आहे. जागा कोण ठरविणार? अंदाजपत्रक कोण करणार? ओट्याच्या सिमेंटकामावर रविवारी पाणी कोण मारणार? टाकी भरली नाही तर ती कोणाची जबाबदारी? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. असा कागद हाती घेऊन काम सुरू केले, तर ओटा उभा राहील. पण त्यावर मुले हात धुतील याची खात्री देता येणार नाही.

२. दोन व्याप्ती

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या शास्त्रात या दोन गोष्टींना दोन स्वतंत्र नावे आहेत. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. तिच्या मार्गदर्शक ग्रंथात प्रॉडक्ट स्कोप व प्रोजेक्ट स्कोप असा भेद केलेला आहे. मराठीत त्यांना वस्तूची व्याप्ती व कार्याची व्याप्ती असे म्हणता येईल.

वस्तूची व्याप्ती म्हणजे तयार होणाऱ्या गोष्टीच्या अंगी कोणते गुण असावेत व तिने काय काम द्यावे, याचे वर्णन. येथे वस्तू हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा. ओटा ही वस्तू आहे, त्याचप्रमाणे पाच दिवसांचा वाचनवर्ग किंवा पाहणीचा अहवाल हीदेखील वस्तूच होय. कार्याची व्याप्ती म्हणजे ती वस्तू त्या गुणांसह हाती येण्यासाठी जे जे काम करावे लागते ते सर्व काम. आणि तेवढेच काम.

दोहोंची कसोटीही वेगळी आहे. वस्तू पुरी झाली की नाही हे तिच्या गुणांशी ताडून पाहावयाचे असते. कार्य पुरे झाले की नाही हे ठरविलेल्या योजनेशी. ओटा उत्तम बांधला गेला, परंतु बिले सादर झाली नाहीत व जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली नाही, तर वस्तू पुरी झाली, कार्य अपुरे राहिले. उलट सर्व सभा झाल्या, सर्व बिले चुकती झाली, पण टोकाच्या नळाला पाणीच येत नाही, तर कार्य पुरे झाले, वस्तू अपुरी राहिली.

एखादे वाक्य कोणत्या बाजूचे आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. काम संपून एक वर्ष लोटल्यावरही ते वाक्य त्या जागी उभे राहून तपासता येत असेल, तर ते वस्तूचे. ‘तीन नळ लहान मुलांच्या उंचीचे आहेत’ हे वर्षानंतरही मोजता येते. ‘गवंड्याकडून तीन दरपत्रके मागविणे’ हे काम मात्र एकदा केले की संपते. ओट्याकडे पाहून ते दिसत नाही. ते कार्याचे.

३. वस्तूचे वर्णन : संख्या कोठून येतात

वस्तूच्या वर्णनात आकडे असावेत हे सर्वांना ठाऊक असते. पण तो आकडा कोठून आला हेही सांगता आले पाहिजे. ‘आठ नळ’ असे का? एका मुलाला साबण लावून हात चोळण्यास व धुण्यास सुमारे ४० सेकंद लागतात असे धरले, तर ९६ मुलांच्या आठ नळांवर १२ पाळ्या होतात आणि त्यांना ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे लागतात. चारच नळ ठेवले तर १६ मिनिटे लागतील आणि पुन्हा मागची मुले तशीच पंगतीला बसतील. मूळ गरज ‘आठ नळ’ ही नसून ‘सर्व मुलांचे हात १० मिनिटांत धुऊन व्हावेत’ ही आहे. ती गरज आधी लिहावी, मग नळ मोजावेत.

पाण्याचाही हिशोब असाच करावा. प्रत्येक वेळी मुलामागे एक लिटर धरले, तर जेवणापूर्वी व जेवणानंतर मिळून १९२ लिटर होतात. स्वच्छतागृहातून आल्यावर लागणारे पाणी धरून दिवसाला सुमारे २५० लिटर. म्हणजे ५०० लिटरची टाकी दोन दिवस पुरते. हा ‘दोन दिवस’ पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

नळांची उंची पुस्तकातून घेऊ नये. पहिलीतील सर्वांत लहान मूल व पाचवीतील एक मूल प्रत्यक्ष उभे करून, कोपर वर न उचलता हात पाण्याखाली येतील अशी उंची मोजावी.

४. कार्याची यादी : विसरली जाणारी कामे

कार्याची व्याप्ती लिहिताना बांधकामापूर्वीची व बांधकामानंतरची कामे विसरली जातात. उदाहरणातील शाळेसाठी ती अशी आहेत. आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत जागा ठरविणे, ठराव लिहिणे, अंदाजपत्रक करणे, दरपत्रके मागविणे व जमिनीत पाणी मुरते का हे पाहणे. बांधकाम चालू असता खड्ड्याभोवती आडोसा करणे, कारण मुले त्याच आवारात खेळत असतात; तसेच सिमेंटकामावर किमान सात दिवस रोज पाणी मारणे. सात दिवसांत एक तरी रविवार येतोच आणि त्या दिवशी शाळा बंद असते. त्या दिवसाचे नाव यादीत नसेल तर पाणी मारले जात नाही आणि काही महिन्यांत ओट्याला भेगा दिसू लागतात. शेवटी चाचणी घेणे, मुलांना हात धुण्याचे प्रात्यक्षिक दाखविणे, बिले सादर करणे व नोंदवहीत नोंद करणे.

येथे एक सीमारेषा आखावी लागते. पहिल्या आठवड्यातील प्रात्यक्षिक हे प्रकल्पाचे काम आहे. त्यानंतर रोज रांगेवर लक्ष ठेवणे, टाकी भरणे, साबण संपल्यावर आणणे ही शाळेची नित्याची कामे होत. प्रकल्पाला शेवट असतो, नित्यकामाला नसतो. मात्र ते नित्यकाम कोणाकडे सोपवावयाचे हे ठरवून देणे, हे प्रकल्पाचेच काम आहे.

५. वगळलेल्या बाबी

या सदराखाली काही उत्तरांत ‘या प्रकल्पात नवीन वर्गखोली बांधली जाणार नाही’ असे वाक्य आढळते. हात धुण्याच्या ओट्याबरोबर वर्गखोली मिळेल अशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. म्हणून ती वगळण्यात अर्थ नाही. समंजस मनुष्य ज्या गोष्टीची सहज अपेक्षा करील, परंतु जी या प्रकल्पात होणार नाही, तीच वगळलेल्या बाबींत लिहावयाची असते.

ओटा पाहणारा पालक काय अपेक्षा करील? नळ आहेत म्हणजे पिण्याचे पाणीही आले, असे तो समजेल. म्हणून ‘पिण्याच्या पाण्याची सोय या प्रकल्पात नाही’ हे पहिले वगळणे. ते लिहिताच दुसरी गोष्ट ध्यानात येते : मुले त्या नळांचे पाणी पिणारच. तेव्हा ‘हे पाणी पिण्यासाठी नाही’ असा फलक लावणे व मुलांना तसे सांगणे, ही दोन कामे कार्याच्या यादीत घालावी लागतात. नीट लिहिलेले वगळणे असे उरलेल्या कामाकडे बोट दाखविते.

वगळलेल्या प्रत्येक बाबीपुढे ती कोणाकडे आहे, हेही लिहावे. ‘साबण प्रकल्पात नाही’ एवढेच लिहिले तर दुसऱ्या महिन्यात साबणदाणी रिकामी दिसेल. ‘पहिल्या महिन्याचा साबण प्रकल्पातून, त्यानंतर मुख्याध्यापकांनी शाळेच्या खर्चातून आणावयाचा’ असे लिहिले म्हणजे जबाबदारी हवेत राहत नाही.

६. बंधने व गृहीते

या दोन सदरांची सरमिसळ सर्वांत अधिक होते. बंधन म्हणजे जे ठाऊक आहे, बाहेरून आलेले आहे आणि ज्याच्या आतच काम बसवावे लागते ते. गृहीत म्हणजे जे अजून पडताळलेले नाही, पण खरे मानून योजना आखली आहे ते. बंधनाविषयी शंका नसते. गृहीताविषयी नेहमी असते. बंधन मोडू नये म्हणून सांभाळावयाचे. गृहीत खोटे ठरेल का, हे वेळेत पाहावयाचे.

उदाहरणात मंजूर रक्कम ४५,००० रुपये आहे, हे बंधन. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून १५ मार्चपर्यंत काम पुरे करून बिले सादर झाली पाहिजेत, हेही बंधन. आवारातील कडुनिंब तोडावयाचा नाही, असा समितीचा ठराव आहे, तेही बंधन.

‘ग्रामपंचायतीचे पाणी एक दिवसाआड येते’ हे मात्र गृहीत आहे, जरी ते जानेवारीत डोळ्यांनी दिसत असले तरी. मसुदा जानेवारीत लिहिला गेला. ओटा एप्रिलमध्येही वापरावयाचा आहे. टाकी दोन दिवस पुरते असा हिशोब वर आला आहे. उन्हाळ्यात पाणी तीन दिवसांनी येऊ लागले, तर तिसऱ्या दिवशी नळ कोरडे पडतील. ओट्यात काहीही दोष नसता ओटा निरुपयोगी होईल. म्हणून प्रत्येक गृहीताबरोबर तीन गोष्टी लिहाव्यात : ते कसे पडताळावयाचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि खोटे ठरल्यास काय करावयाचे. येथे पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेमधील पाण्याच्या पाळ्या विचारून घेता येतात. ही चौकशी टाकी खरेदी करण्यापूर्वी व्हावी, कारण खरेदीनंतर मिळालेले उत्तर उपयोगी पडत नाही.

दुसरे गृहीत जमिनीचे. मुरुमाच्या जमिनीत शोषखड्ड्याचे पाणी मुरते. काळ्या चिकण जमिनीत ते फार सावकाश मुरते व वर येऊन साचते. हात-दीड हात खोल छोटा खड्डा खणून तो आदल्या दिवशी पाण्याने भरावा, म्हणजे भोवतालची जमीन भिजते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरून ते किती वेळात उतरते हे पाहावे. तासन् तास पातळी हलत नसेल, तर शोषखड्ड्याऐवजी पाणी नाल्याने शाळेच्या झाडांकडे नेण्याचा विचार करावा लागेल आणि वस्तूचे वर्णनच बदलावे लागेल. पडताळणी झाली की गृहीत हे गृहीत राहत नाही. ते वस्तुस्थिती ठरते किंवा खोडले जाते.

७. दुरुस्त व्याप्तिपत्र

वरील विवेचनानुसार त्याच शिक्षकाचा दुसरा मसुदा असा होईल :

*प्रकल्प :* शाळेत हात धुण्याचे ठिकाण उभारणे.

*हेतू :* आहारापूर्वी सर्व ९६ मुलांचे हात साबणाने १० मिनिटांत धुऊन व्हावेत.

*वस्तूची व्याप्ती :* सिमेंटचा ओटा, आठ नळ, त्यांपैकी तीन लहान मुलांच्या उंचीचे, ५०० लिटरची झाकणाची टाकी, चार साबणदाण्या, ओट्याला शोषखड्ड्याकडे उतार, एक मीटर लांब, रुंद व खोल शोषखड्डा, पाणी पिण्यासाठी नाही असा फलक.

*कार्याची व्याप्ती :* समितीचा ठराव, जमिनीची व पाणीपाळ्यांची पडताळणी, अंदाजपत्रक व दरपत्रके, खरेदी, खड्ड्याभोवती आडोसा, बांधकाम व देखरेख, रविवार धरून सात दिवस पाणी मारणे, चाचणी, एक आठवडा प्रात्यक्षिक, बिले व नोंदी, टाकी भरणे व स्वच्छता यांचे काम नेमून देणे.

*स्वीकृतीच्या कसोट्या :* आठही नळ एकाच वेळी उघडले असता टोकाच्या नळाखालील एक लिटरचे भांडे अर्ध्या मिनिटात भरावे. सर्व मुलांचे हात १० मिनिटांत धुऊन व्हावेत. त्यानंतर ओट्यात व खड्ड्याच्या तोंडाशी पाणी साचू नये.

*वगळलेल्या बाबी :* पिण्याचे पाणी (सध्याची सोय चालू राहील). स्वच्छतागृहाची दुरुस्ती (समितीकडे स्वतंत्र प्रस्ताव). गावाच्या नळवाहिनीपासून शाळेच्या कुंपणापर्यंतची वाहिनी (ग्रामपंचायत). पहिल्या महिन्यानंतरचा साबण (मुख्याध्यापक).

*बंधने :* खर्च ४५,००० रुपयांच्या आत. काम व बिले १५ मार्चपर्यंत. कडुनिंब राखणे. खोदकाम शाळा सुटल्यानंतर.

*गृहीते :* (१) उन्हाळ्यातही पाणी एक दिवसाआड येईल. पडताळणी : पाणीपुरवठा कर्मचारी, २० जानेवारीपर्यंत. खोटे ठरल्यास मोठी टाकी घेऊन अंदाजपत्रक पुन्हा करणे. (२) निवडलेल्या जागी पाणी मुरते. पडताळणी : चाचणीचा खड्डा, २० जानेवारीपर्यंत. खोटे ठरल्यास सांडपाणी झाडांकडे नेणे. (३) कुंपणापर्यंतची वाहिनी फेब्रुवारीअखेर तयार होईल. पडताळणी : ग्रामपंचायतीचे लेखी उत्तर, ३१ जानेवारीपर्यंत. खोटे ठरल्यास समितीची सभा बोलावून निर्णय घेणे.

तिसरे गृहीत व तिसरी वगळलेली बाब एकमेकांशी जोडलेली आहेत, हे लक्षात घ्यावे. जे काम दुसऱ्याकडे सोपवून वगळले, ते तो वेळेत करील हे आपोआप गृहीत धरले जाते. म्हणून व्याप्तिपत्र पुरे झाल्यावर वगळलेली प्रत्येक बाब पुन्हा वाचावी आणि तिच्यावर प्रकल्प अवलंबून आहे काय हे पाहावे. असल्यास ती गृहीतांतही आली पाहिजे.

८. मधेच मागणी आली तर

काम चालू असता ओटा पाहून कोणी सुचवील की, गावातील बालवाडीसाठी आणखी चार नळ घालावेत. सूचना चांगली असते. व्याप्तिपत्र तिला नकार देण्यासाठी नसते. तिची किंमत दाखविण्यासाठी असते. नळ वाढले म्हणजे पाणी वाढते, टाकी दोन दिवस पुरत नाही, खर्च ४५,००० च्या पलीकडे जातो व तारीख पुढे सरते. हा हिशोब समितीपुढे ठेवावा. समितीने मान्य केल्यास व्याप्तिपत्रात दुरुस्ती करून तारखेसह सह्या घ्याव्यात. तोंडी होकारावर गवंड्याला काम सांगू नये. मार्चमध्ये बिल मंजूर करताना तो होकार कोणालाच आठवत नाही.

स्वाध्याय

(अ) एका शाळेने परसबागेचा प्रकल्प घेतला आहे. पुढील वाक्ये वस्तूची व्याप्ती, कार्याची व्याप्ती, वगळलेली बाब, बंधन व गृहीत यांपैकी कोणत्या सदरात येतील ते लिहावे.

१. मेथी, पालक व वांगी यांचे सहा वाफे असतील.
२. पालक आठवड्यातून एकदा शेणखत आणून देतील.
३. आवाराच्या पूर्वेकडील दोन गुंठेच जागा वापरता येईल, असा समितीचा ठराव आहे.
४. कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडून आणणे.
५. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालण्याचे काम प्रकल्पात नाही. ते समितीने नेमलेल्या सदस्याकडे राहील.

(आ) वरील पाचव्या वाक्यातून एक गृहीत निर्माण होते. ते लिहून त्याची पडताळणी, तारीख व पर्यायी उपाय लिहावेत.

उत्तरे : (अ) १ – वस्तूची व्याप्ती. २ – गृहीत. ३ – बंधन. ४ – कार्याची व्याप्ती. ५ – वगळलेली बाब. (आ) नमुना उत्तर : नेमलेला सदस्य संपूर्ण सुट्टीभर गावात असेल. पडताळणी : सुट्टीपूर्वी १५ दिवस त्याची लेखी संमती घेणे. खोटे ठरल्यास दुसरा सदस्य नेमणे, किंवा सुट्टी लागण्यापूर्वी काढणीस येतील अशाच पालेभाज्या लावणे. शेवटचा पर्याय निवडल्यास पहिले वाक्य, म्हणजे वस्तूचे वर्णन, बदलावे लागते. कारण वांग्याचे पीक त्या अवधीत येत नाही.